सुरक्षा प्रश्नाचं उत्तर बरोबर टाकूनही 'चूक' दाखवतंय? दाजींच्या अकाउंटची भानगड आणि त्यावरचा इलाज

दाजींचा फोन सकाळी सातच्या आत आला की मला विषय आधीच कळतो. "आरं ते पुन्ना घेईना गेलंय बघ." ते म्हणजे सरकारी योजनेचं पोर्टल, त्याच्यावरचं दाजींचं खातं, आणि तीन वर्षांत ही तिसरी वेळ. पोर्टलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असला सुरक्षा प्रश्न विचारणाऱ्या कुठल्याही पोर्टलवर हेच होतं. मी लातूरला एका दुकानात हिशोबाचं आणि कॉम्प्युटरचं बघतो, म्हणजे घरादारातल्या सगळ्यांच्या लेखी मी 'सायबर'वाला. तर या वेळेस मी ठरवलं की नुसता पासवर्ड बदलून द्यायचा नाही, ही भानगड दरवर्षी का होते ते एकदा मुळापासून बघायचं.

झालं होतं असं. दाजी पासवर्ड विसरले, 'Forgot Password' दाबलं, पोर्टलनं विचारलं जन्मगाव कोणतं. आता माणूस स्वतःचं जन्मगाव विसरतो का? दाजींनी टाकलं, चूक. परत टाकलं, परत चूक. मग मला फोन. मी पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे आता हात लावू नका. बऱ्याच पोर्टलवर तीन किंवा पाच वेळा चुकलं की खातं लॉक होतं, कुठं काही तासांसाठी, कुठं पूर्ण दिवसासाठी, आणि फॉर्मची शेवटची तारीख उद्यावर असली की तो एक दिवस लई महागात पडतो. दोनदा चुकलं की थांबायचं आणि तिसऱ्या वेळी अंदाजानं नाही, काहीतरी माहिती काढूनच टाकायचं.

संध्याकाळी गावी गेलो. दाजींचा जन्म कळंब तालुक्यातला. आता बघा, या एका माणसाच्या जन्मगावाची खरी उत्तरं किती होतात. गावाचं नाव. तालुका, तो पण कुणी `Kalamb` लिहितं, कुणी `Kallam`, कुणी `Kalam`. जिल्हा, तो आधी `Osmanabad`, कुणी `Usmanabad`, आणि 2023 पासून `Dharashiv`. एवढी सगळी उत्तरं खरी, आणि मशीनला त्यातलं फक्त एकच चालतं, जे पहिल्या दिवशी टाकलं होतं ते. आपल्याकडं ही अडचण जरा जास्तच आहे. संभाजीनगरवाल्याचं `Aurangabad` का `Sambhajinagar` का `Chhatrapati Sambhajinagar`, त्यात छ ला एक h का दोन. माझ्या वडिलांचा जन्म लातूरचा, पण लातूर जिल्हा झाला 1982 साली, त्याच्या आधी जिल्हा उस्मानाबादच. जालना 1981 ला औरंगाबादमधून निघाला, हिंगोली 1999 ला परभणीतून. म्हणजे हिंगोलीच्या तीस-पस्तीस वर्षांच्या पोराला 'जन्म जिल्हा' विचारला तर त्याच्या कागदावर परभणी आणि तोंडात हिंगोली असं होऊ शकतं. बीडचं सुद्धा `Beed` आणि `Bid` दोन्ही चालतं. मराठी शब्द इंग्रजी अक्षरात लिहायला एकच एक नियम नाही, आणि ते शोधणारं मशीन मात्र अक्षर न् अक्षर जुळवतं.

मग मी विचारलं खातं उघडलं कुणी? तर तालुक्याच्या सेवा केंद्रावरच्या पोरानं, 2021 ला. दाजी बाजूला स्टुलावर बसलेले, पोरानं विचारलं "जन्म कुठला काका", यांनी सांगितलं, त्यानं काय टाईप केलं ते यांनी बघितलंच नाही. त्या पोराला फोन लावला. तो भला निघाला, म्हणाला, "दादा मी सगळ्यांना तालुकाच टाकतो, स्मॉलमध्येच, कॅप्स लावायला वेळ कुठं असतो."

म्हणजे उत्तर `kalamb`. आणि दाजी म्हणायला लागले की मी तर पहिल्यांदा तेच टाकलं होतं! मी म्हटलं माझ्यासमोर टाका, पण खालचं बटन दाबू नका. त्यांनी फोनवर k, a, l टाकलं, वर कीबोर्डनं शब्द सुचवला `Kalamb`, यांनी त्याच्यावर बोट ठेवलं. झालं. दोष तिथंच होता. सुचवलेला शब्द दाबला की फोन पहिलं अक्षर कॅपिटल करतो आणि बहुतेक वेळा शब्दामागं एक रिकामी जागा सोडतो. डोळ्याला `Kalamb` दिसतं, मशीनला `Kalamb` अधिक एक स्पेस मिळतं. ओळखायची खूण अशी की कर्सरची उभी रेघ शेवटच्या अक्षराला चिकटून नसते, थोडी लांब उभी असते. एकदा मागं खोडायचं बटन दाबलं आणि अक्षर न जाता नुसती रेघ सरकली, म्हणजे स्पेस होती. सगळं खोडून एकेक अक्षर हातानं स्मॉलमध्ये टाकलं, शेवटी स्पेस नाही, आणि लगेच घेतलं. आता अडत होतं ते कॅपिटलमुळं का स्पेसमुळं हे मी तपासत बसलो नाही, अटेम्प्ट उडवायची ती वेळ नव्हती. काही पोर्टल लहान-मोठं अक्षर एकच धरतात, काही नाही, काही पुढचीमागची स्पेस आपोआप काढतात, काही नाही. आपण धरून चालायचं की काहीच सोडणार नाही.

अजून दोन गोष्टी याच जातीच्या आहेत, त्या पण सांगून टाकतो. एक, फोनला मराठी कीबोर्ड चालू असला की आकडे देवनागरी येऊ शकतात, ७ आणि `7` हे आपल्याला एकच, मशीनला दोन वेगळी अक्षरं. पासवर्डात तर ठिपकेच दिसतात, कळणार कसं? डोळ्याचं चिन्ह दाबून एकदा बघायचं. दुसरी जरा लपलेली आहे. काही पोर्टलवर पासवर्डाची कमाल लांबी ठरलेली असते, उदाहरणार्थ आयकर ई-फायलिंगला 8 ते 14 अक्षरं. आता एखाद्या पोर्टलवर नवीन पासवर्ड ठेवायच्या डब्यात तुम्ही 17 अक्षरं टाकली तर काही ठिकाणी पोर्टल बोलत नाही, गुपचूप पुढची अक्षरं घेतच नाही. लॉगिनच्या डब्यात मात्र 17 ची 17 जातात. मग आपण म्हणतो की आत्ताच ठेवला आणि आत्ताच चूक कसा? पासवर्ड ठेवताना ठिपके मोजायचे. टाकली तेवढे ठिपके दिसले नाहीत तर पोर्टलनं कापलंय.

बरं, लॉगिन झालं, दाजी खूश, ताईनं चहा टाकला. पण खरं काम इथून पुढं, कारण `kalamb` हे उत्तर तसंच ठेवलं असतं तर पुढच्या वर्षी परत सातच्या आत फोन.

आणि नुसतं विसरायचंच दुखणं नाही. ते उत्तर दाजी सोडून सगळ्या गावाला माहीत आहे. हे सुरक्षा प्रश्न आपल्या गावांना बघून कुणी बनवलेच नाहीत. 'आईचं माहेरचं आडनाव' म्हणजे आपल्याकडं मामाचं आडनाव, आणि मामाचं आडनाव लग्नपत्रिकेत छापून पाचशे घरी वाटलेलं असतं. 'पहिली शाळा' म्हणजे गावातली जिल्हा परिषदेची, दुसरी होतीच कुठं. 'आवडता पदार्थ' विचारला तर पुरणपोळी नाहीतर मटण. गुगलच्या लोकांनी 2015 ला याच विषयावर अभ्यास मांडला होता, त्यात इंग्रजी बोलणाऱ्यांचा 'आवडता पदार्थ' एकाच अंदाजात बरोबर यायची शक्यता जवळपास 20 टक्के निघाली, म्हणजे पाचातला एक! आणि गंमत अशी की त्याच अभ्यासात अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या 40 टक्के लोकांना गरजेच्या वेळी स्वतःचंच उत्तर आठवलं नाही. म्हणजे चोराला सोपं आणि मालकाला अवघड, असलं हे कुलूप.

म्हणून माझं मत सरळ आहे, सुरक्षा प्रश्नाला खरं उत्तर द्यायचंच नाही. पोर्टलला तुमचं जन्मगाव कुठं तपासायचंय, त्याला फक्त आधीचं आणि आत्ताचं अक्षर जुळवायचंय. हा फॉर्ममधला जन्माचा रकाना नाही हं, तिथं खरंच भरा. हे फक्त 'सुरक्षा प्रश्न' म्हणून जे वेगळं विचारतात त्याबद्दल. काही जणांना वाटतं खोटं लिहिलं तर पाप लागेल, नाहीतर खातं बंद होईल. हा रकाना कुणी जन्मदाखल्याशी ताडून बघत नाही.

पण खोटं उत्तर देण्यात पण एक खड्डा आहे. त्याच अभ्यासात खोटं उत्तर देणारे होते, आणि त्यांची खोटी उत्तरं सगळ्यांची सारखीच निघाली, त्यामुळं ओळखायला उलट सोपी. आपल्याकडं पण जन्मगाव म्हटलं की खोटं म्हणून माणूस `Pune` नाहीतर `Mumbai` टाकणार. म्हणून खोटं उत्तर प्रश्नाच्या जातीचंच नको. गाव विचारलं तर गाव नाही, घरात डोळ्यासमोर दिसणाऱ्या दोन-तीन बिनसंबंधाच्या वस्तू एकमेकांना चिकटवायच्या. आम्ही ओट्यावर बसून आजूबाजूला बघत बनवलं ते असं काहीतरी (दाजींचं खरं अर्थातच वेगळं आहे):

```
dorbakrakanda
```

दोर, बकरा, कांदा. सगळं स्मॉल, मध्ये स्पेस नाही, आकडा नाही, चिन्ह नाही. आकडा मुद्दाम टाळला, कारण काही पोर्टल उत्तराच्या रकान्यात फक्त अक्षरंच घेतात. शब्द निवडताना एकच पथ्य, ज्याचं स्पेलिंग दोन तऱ्हेनं होऊ शकतं तो शब्द नको. 'विहीर' नको, `vihir`, `viheer`, `wihir` काहीही होतं. 'छत्री' नको, 'फावडं' नको, 'झाड' नको, `zad` का `jhad` करत बसाल. कांदा, बकरा चालतं. तवा नको, कारण `tava` आणि `tawa` दोन्ही. दाजींनी लगेच 'चूल' सुचवली, मी विचारलं `chul` का `chool`? तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, म्हणाले, "म्हंजी सालं मराठीच वैरी झालंय की."

आणि प्रत्येक पोर्टलला वेगळं उत्तर. हे लोकांना पटत नाही पण एका ठिकाणची माहिती बाहेर गेली की तेच उत्तर घेऊन बाकीच्या खात्यांची दारं ठोकता येतात. दोन-तीन प्रश्न एकाच पोर्टलवर असले तरी तिन्हीला एकच उत्तर ठेवू नका, कित्येक ठिकाणी ते घेतच नाहीत.

आता पासवर्ड. दाजींचा जुना पासवर्ड सांगायला हरकत नाही कारण तो आता मेलाय, पोराचं नाव, मग `@123`. केंद्रावर उघडलेल्या खात्यांपैकी मी जेवढी बघितलीत त्यातली बहुतेक याच साच्याची, नाव नाहीतर देव, पहिलं अक्षर कॅपिटल, मग `@`, मग `123` नाहीतर जन्मसाल. पोर्टल म्हणतं एक कॅपिटल, एक स्मॉल, एक आकडा, एक चिन्ह पाहिजे, आणि हा साचा सगळ्या अटी पास करतो, पोर्टल हिरवी खूण पण दाखवतं. पण अंदाज लावणारा प्रोग्रॅम पण सुरुवात याच साच्यापासून करतो, त्यामुळं त्या हिरव्या खुणेला फार अर्थ नाही.

चांगला पासवर्ड म्हणजे लांब आणि कुणाला न सुचणारा. जिथं लांबीची मर्यादा नाही तिथं चार-पाच बिनसंबंधाचे शब्द जोडून काम भागतं. पण सरकारी पोर्टलवर 14, 15, 16 अशी दोरी बांधलेली असते, तिथं लांब शब्द मावत नाहीत. म्हणून मी वाक्याच्या पहिल्या अक्षरांची युक्ती वापरतो. एक येडंगबाळं, कधीच न घडलेलं वाक्य करायचं, डोळ्यासमोर चित्र उभं राहील असं. आम्ही केलेलं एक नमुन्याचं:

"मामाच्या म्हशीनं 7 पत्रावळ्या अन् 2 मोबाईल गिळले, तरी दूध गोडच निघालं"

प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर इंग्रजीत, आकडा आहे तसा, स्वल्पविरामाच्या जागी `#`, आणि कॅपिटल फक्त म्हशीला, कारण वाक्यात सगळ्यात मोठी तीच.

```
mM7pa2mg#tdgn
```

मोजा, तेरा अक्षरं झाली. चौदाच्या दोरीत बसतं, कॅपिटल आहे, आकडे मध्येच आहेत शेवटी नाहीत, चिन्ह आहे. कॅपिटल पहिल्या अक्षराला मुद्दाम दिलं नाही, कारण सगळं जग तिथंच देतं. स्वल्पविराम तसाच न ठेवता `#` का, तर कित्येक पोर्टल ठरावीक चिन्हंच घेतात, `@`, `#`, `$` ही बहुतेक ठिकाणी चालतात, आणि कुठली चालतात ते पासवर्डाच्या रकान्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं. आणि कृपा करून हाच पासवर्ड उचलून ठेवू नका, लिहून जाहीर झालेला पासवर्ड हा पासवर्ड राहत नाही.

इथंही तेच पथ्य. वाक्यातले शब्द क, ग, त, द, न, प, ब, म, र, ल असल्या अक्षरांनी सुरू होणारे घ्या, ज्यांना इंग्रजीत एकच अक्षर आहे. व ला v का w, श ला s का sh, फ ला f का ph, झ ला z का j, इ ला i का e, हे सहा महिन्यांनी आठवत नाही. माझा स्वतःचा एक पासवर्ड असाच 'विठ्ठल'पायी गेलाय, v टाकला होता का w हे मला अजून माहीत नाही.

दुसरं, वाक्य म्हणून अभंग, आरती, म्हण, गाणं घेऊ नका. लोकांना पहिलं तेच सुचतं कारण पाठ असतं, पण जे तुम्हाला पाठ आहे ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. आणि वाक्य खरं पण नको. 'माझं लग्न 2009 ला परळीला झालं' हे पाव्हण्यारावळ्यांना माहीत असतं. म्हशीनं मोबाईल गिळला हे कुणाला माहीत असणार, म्हशीला सुद्धा नाही.

आता लक्षात ठेवायचं कसं. लोक सांगतात पासवर्ड कुठंच लिहून ठेवू नका. मला हे पटत नाही. दाजी पोर्टल वर्षातून दोनदा उघडतात, फॉर्म भरायला आणि मंजुरी बघायला. वर्षातून दोनदा वापरायची गोष्ट कुणाच्याच डोक्यात राहत नाही, आणि लिहू नका म्हटलं की माणूस सोपाच पासवर्ड ठेवतो. खरा प्रश्न कुठं लिहायचं हा आहे. दाजींच्या खात्याला धोका आहे तो लांबून कुठंतरी बसलेल्या माणसाचा, नाहीतर सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरचा. यातलं कुणी गोदरेजच्या कपाटात सातबाऱ्याच्या फायलीखाली ठेवलेली वही बघायला येत नाही. उलट लोक पासवर्डाचा फोटो काढून गॅलरीत ठेवतात, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात, नाहीतर कॉन्टॅक्टमध्ये 'पोर्टल पासवर्ड' नावानं सेव्ह करतात. फोन दुरुस्तीला दिला की दुकानदार आधी लॉक विचारतो, आपण सांगतो पण, आणि मग सगळं त्याच्या हातात.

ताईच्या वहीत आम्ही एका पानावर एकच पोर्टल असं लिहिलं. वरती पोर्टलचा पत्ता, म्हणजे ब्राउझरमधला, `.gov.in` पर्यंतचा, कारण गुगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवणं हाच फसायचा राजमार्ग आहे. पत्त्यात सुरुवातीचं `https://` सोडून पुढं जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच आधी `.gov.in` नाहीतर `.nic.in` आलं पाहिजे, नुसतं मध्ये कुठंतरी `gov` असून भागत नाही. मग युजर आयडी, तो पण लोक विसरतात आणि पासवर्ड चुकतोय असं समजून तास घालवतात. मग कुठला मोबाईल नंबर जोडलाय त्याचे शेवटचे चार आकडे. मग सुरक्षा प्रश्न, पोर्टलवर इंग्रजीत जसा आहे तसाच उतरवून, आणि समोर उत्तर, एकेक अक्षर सुटं सुटं, बाजूला 'सगळं स्मॉल, स्पेस नाही'. पासवर्ड मात्र अक्षरांत लिहिला नाही, नुसतं वाक्य लिहिलं. कॅपिटल कुणाला आणि `#` कुठं हे ताई आणि दाजी दोघांना तोंडी सांगून दोघांकडून तीन-तीन वेळा माझ्यासमोर टाईप करून घेतलं. दाजींना चौथ्यांदा लागलं, 2 च्या आधीचा 'अन्' सारखा सुटत होता. शेवटी खाली तारीख, कधी बदलला. ज्यांच्या घरी एकटं म्हातारं माणूस आहे तिथं अक्षरांसकट पूर्ण लिहायला पण माझी हरकत नाही, फक्त ती वही आणि आधारची झेरॉक्स एका पिशवीत नको, आणि ती पिशवी घेऊन केंद्रावर तर अजिबात नको.

ज्यांना फोन नीट वापरता येतो त्यांनी सरळ फोनमधला पासवर्ड मॅनेजर वापरावा, तो स्वतःच आडवातिडवा पासवर्ड बनवून ठेवतो, वाक्याची पण गरज नाही. एकच अट, फोनचं लॉक `1234` नको आणि पोरांना गेम खेळायला तेच लॉक सांगितलेलं नको. सुरक्षा उत्तर मॅनेजर स्वतःहून सेव्ह करत नाही, त्याच्या नोंदीत 'नोट' म्हणून हातानं टाकावं लागतं, हे लोकांच्या लक्षात राहत नाही.

मोबाईल नंबरचं जरा सविस्तर सांगतो, कारण दाजी इथं नशिबानं वाचले, नंबर ताईचाच होता. कित्येकांच्या खात्याला केंद्रवाल्याचाच नंबर असतो, घाईत तोच टाकलेला. मग पासवर्ड कितीही भारी ठेवा, ओटीपी दुसऱ्याच्या खिशात वाजतो. पासवर्ड बदलायच्या आधी प्रोफाइलमध्ये जाऊन नंबर आणि ईमेल बघा, दुसऱ्याचा असला तर आधी तो बदला, आणि तो बदलायला जुन्या नंबरवर ओटीपी मागतं म्हणून केंद्रवाल्याला समोर बसवूनच हे काम करा. आपलं स्वतःचं जुनं सिम बंद पडलं असेल तरी हीच वेळ येते, आणि कंपनी बंद झालेला नंबर काही दिवसांनी दुसऱ्या माणसाला देते हे पण ध्यानात ठेवा.

केंद्रावर जावंच लागतं, स्कॅनर, प्रिंट, अंगठा, हे घरी होत नाही. तिथं पासवर्ड टाकताना कीबोर्ड आपल्याकडं ओढून घ्यायचा, लाजायचं नाही. ब्राउझर वर विचारतो सेव्ह करू का, तिथं `Never` दाबायचं. आधीच `Ctrl+Shift+N` दाबून क्रोमची खाजगी खिडकी उघडली तर अजून बरं, काम झालं की ती बंद करायची, नुसतं लॉगआउट करून उठायचं नाही. आणि पोरालाच पासवर्ड सांगावा लागला तर सांगा, पण त्याच संध्याकाळी घरी येऊन बदला.

राहिली जबरदस्तीच्या बदलाची गोष्ट. काही पोर्टल दोन-तीन महिन्यांनी म्हणतात पासवर्ड जुना झाला, नवा ठेवा, आणि मागचे दोन-तीन परत घेत नाहीत. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं 2017 लाच लिहून ठेवलंय की विनाकारण ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका, पण पोर्टलशी भांडून फॉर्म भरत नाही. अशा वेळी लोक `@123` चं `@124` करतात. त्यापेक्षा म्हशीची गोष्ट पुढं चालवायची, वाक्य नवं पण जनावर तेच. वहीत जुन्या वाक्यावर एक आडवी रेघ मारायची, गिरगटून काढायचं नाही, कारण बदल खरंच सेव्ह झाला का नाही अशी शंका आली तर जुनं वाचता आलं पाहिजे. आणि बदलल्यावर लगेच लॉगआउट करून नव्यानं एकदा आत जाऊन बघायचं, ते झालं की मगच वहीत तारीख टाकायची.

परवा दाजींचा फोन आला, सातच्या आतच. पोर्टलनं नवा पासवर्ड मागितला होता, आणि त्यांना एवढंच विचारायचं होतं की म्हशीच्या ऐवजी आता रेडकू चालेल का. मी म्हटलं चालतंय की, र ला r एकच आहे.